आजोबा पाण्यात चहा पितात

पाच सेकंदांचा ॲनिमेशनचा शॉट होता. एक आजोबा कपातला चहा बशीत ओततात, फुंकर मारतात, बशी ओठाला लावतात आणि जीभ पोळून मान मागे टाकतात. एवढंच. आपल्याकडे सकाळी साडेसहा वाजता निम्मं ठाणं हे काम झोपेत करतं. मला त्याला आठ दिवस लागले.

रेफरन्स म्हणून मी बाबांना पकडलं. कोपरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर त्यांना बसवलं, मोबाइल डब्यांच्या चळतीला टेकवला आणि म्हटलं, "बाबा, नेहमीसारखा चहा प्या." कॅमेरा दिसल्याबरोबर बाबा नेहमीसारखे राहिलेच नाहीत. बशी अशी धरली की जणू सत्काराचा नारळ स्वीकारतायत. सहाव्या टेकला चहा खरंच कढत होता आणि त्यांना कॅमेऱ्याचा विसर पडला. मला हवा होता तो चटका तेव्हा मिळाला. त्यासोबत जे शब्द मिळाले ते शॉटमध्ये वापरता येण्यासारखे नव्हते.

मग ब्लॉकिंग, म्हणजे आधी फक्त मुख्य पोझ बसवणं. चोवीस फ्रेमचा एक सेकंद, म्हणजे पाच सेकंदांच्या एकशेवीस फ्रेम. त्यात मी नऊ पोझ बसवल्या. तेहतिसाव्या फ्रेमला फुंकर, एकोणपन्नासला बशी ओठाशी, एकसष्टला चटका. कुठल्या फ्रेमला कुठली पोझ याची नोंद म्हणजे की. सगळ्या की स्टेप्डमध्ये. स्टेप्ड म्हणजे पुढची की येईपर्यंत मागची पोझ हलत नाही. आजोबा एकोणपन्नासला बशी ओठाशी आणतात, साठपर्यंत पुतळ्यासारखे बसतात आणि एकसष्टला टक्कन मागे. हालचालीचा आलेख दाखवणारा ग्राफ एडिटर उघडला तर वळणं नसतात, नुसत्या पायऱ्या. फोटोंचा अल्बम भराभर उलटल्यासारखं दिसतं, पण पोझ चांगल्या असतील तर बघणाऱ्याला गोष्ट कळते. आमचे लीड सर बघून हसले. "मस्त. आता स्प्लाईन कर."

हे वाक्य ते "आता भांडी लाव" इतक्या सहज म्हणतात.

त्या शनिवारी मी घरूनच काम करत होते. बाहेर पाऊस, आत आईची कांदाभजी. आजोबांचे अवयव हलवणारे सगळे कंट्रोल निवडले, सगळ्या की निवडल्या आणि स्प्लाईनचं बटण दाबलं. पायऱ्यांच्या जागी सुंदर गुळगुळीत वळणं आली. प्ले केलं. भज्यांची ताटली घेऊन आलेली आई माझ्या खांद्यामागे उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "हे आजोबा पाण्यात बसून चहा पितायत का?"

आईला ॲनिमेशनमधलं काही कळत नाही. माझ्या सॉफ्टवेअरचं नाव माया आहे हे कळल्यापासून तर ती सगळ्यांना सांगते की पोरगी मायेच्या मागे लागलीये. पण निदान अचूक होतं. आजोबा तरंगत होते. बशी वर येताना तरंगत होती, मान मागे जाताना तरंगत होती. चटका बसलेला माणूस खाडी ओलांडणाऱ्या होडीसारखा संथ मागे सरकत होता. त्यात बशी ओठाशी न थांबता वर जाऊन नाकात घुसत होती. एका जागी तर मनगट चकलीच्या सोऱ्यासारखं पूर्ण फिरत होतं.

पोझ मोडल्या असं वाटून मी एकेक फ्रेम तपासली. एकोणपन्नासला गेले तर आजोबा जसेच्या तसे. एकसष्टलाही तसेच. गंमत इथेच आहे. टँजंट म्हणजे कीपाशी वळणाचा उतार; तो बदलल्याने कीची किंमत बदलत नाही, त्यामुळे जिथे की आहे तिथे पोझ शाबूत असते. नासतं ते मधलं सगळं.

सरांना फोन लावला. पलीकडे मुलाचा अभ्यास चाललेला ऐकू येत होता. "थांबायची की दिलीस का?" त्यांनी विचारलं.

"थांबलेच होते ना ते, स्प्लाईन करायच्या आधी."

"ते थांबले नव्हते, तू त्यांना स्टेप्डने धरून ठेवलं होतंस. हात सोडलास, ते निघाले."

फोन ठेवल्यावर मला ते उमगलं. स्टेप्डमध्ये आजोबा बारा फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, बशी ओठाला लावून थांबलेले दिसत होते. पण ते थांबणं कुठेही लिहिलेलं नव्हतं. टाइमलाइनवर फक्त दोन नोंदी होत्या: एकोणपन्नासला इथे, एकसष्टला तिथे. स्प्लाईनला वाटलं, जायला अर्धा सेकंद आहे तर घाई कशाला! त्याने पूर्ण अर्धा सेकंद प्रवासाला लावला. चटका अर्धा सेकंद चालला तर तो चटका राहत नाही, योगासन होतं.

तोडगा कंटाळवाणा आहे, पण चालतो. एकोणपन्नासची संपूर्ण पोझ उचलायची आणि अठ्ठावन्नला पुन्हा ठेवायची. आता आजोबा एकोणपन्नास ते अठ्ठावन्न थांबतात आणि प्रवासाला उरतात तीनच फ्रेम, सेकंदाचा आठवा भाग. मध्ये एकोणसाठला मी एक ब्रेकडाउन, म्हणजे वाटेतली पोझ, टाकला: डोळे आधीच मिटलेले, मान निघालेली, बशीचा हात अजून मागे राहिलेला. नऊही पोझना हेच. हे खरं तर स्प्लाईन करायच्या आधी, स्टेप्डमध्ये असतानाच करायचं असतं. मी नंतर केलं, म्हणून निम्म्या की दोनदा टाकल्या.

दुसरा घोळ डाव्या खांद्याचा. डावा हात मांडीवर नुसता पडलेला, म्हणून मी आळस करून त्याला पहिल्या फ्रेमला एक आणि एकसष्टला एक अशा दोनच की दिल्या होत्या. स्टेप्डमध्ये कुणाला कळलं नाही, कारण खांदा साठपर्यंत आज्ञाधारक बसला होता. स्प्लाईन होताच तो पहिल्या फ्रेमपासूनच चटक्याच्या तयारीला लागला. साठ फ्रेम हळूहळू वर चढत होता. चहा ओतायच्या आधीच आजोबांना भविष्य कळलं होतं म्हणायचं! तेव्हापासून ब्लॉकिंगमध्ये मी प्रत्येक पोझला प्रत्येक कंट्रोलवर की देते, हललेला असो वा नसो.

आता बशी नाकात का जात होती ते. एकोणपन्नासला आणि अठ्ठावन्नला बशीची उंची तंतोतंत सारखी, मग मध्ये ती हलायचं कारण काय? कारण स्प्लाईन वळण प्रत्येक कीमधून जाताना शेजारच्या दोन्ही कींकडे बघून आपला उतार ठरवतं. बशी खालून वर आली होती, म्हणून एकोणपन्नासला वळण वरच्याच दिशेने निघालं. पुढे ती खाली जाणार होती, म्हणून अठ्ठावन्नला ते वरून उतरत आलं. दोन सारख्या कींमध्ये टेंगूळ आलं आणि नाक त्या टेंगळात सापडलं. त्या दोन कींचे टँजंट प्लॅटू केले, म्हणजे तिथे वळण आडवं झालं, आणि टेंगूळ बसलं.

अतिउत्साहात मी सगळ्याच कींचे टँजंट आडवे केले. मग आजोबा दर पोझला ब्रेक लावून थांबायला लागले, आमच्या ट्रान्स-हार्बरच्या गाडीसारखे: दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली. जिथे थांबायचं तिथेच आडवं ठेवायचं. जिथून नुसतं जायचंय त्या कीला उतार हवाच.

मनगटाचं प्रकरण मात्र माझ्या डोळ्यांदेखत होऊनही मला दिसलं नव्हतं. एका पोझमध्ये मनगटाचं फिरणं १७५ अंश होतं, पुढच्या पोझमध्ये उणे १७८. दिसायला दोन्ही जवळजवळ एकच, फरक सात अंशांचा, कारण उणे १७८ म्हणजेच १८२. पण वळणाला हे व्यवहारज्ञान नसतं. ते १७५ वरून शून्याकडे, शून्यावरून उणे १७८ कडे असा ३५३ अंशांचा वळसा घालून येतं. घोडबंदरला जायला आधी पनवेल करावं तसं. स्टेप्डमध्ये मधला रस्ताच नसतो, म्हणून चूक लपून राहते. ग्राफ एडिटरमध्ये मनगटाची तिन्ही वळणं निवडून `Curves > Euler Filter` चालवलं आणि उणे १७८ चं १८२ झालं. हे जमलं कारण तिन्ही अक्षांवर त्याच फ्रेमना की होत्या. तो फिल्टर तिघांना एकत्र बघून निर्णय घेतो. कुणा एकाची की नसली की त्याचाही गोंधळ होतो.

पुन्हा सगळं एकदम स्प्लाईन करायची हिंमत नव्हती. नव्या नावाने फाइल सेव्ह केली, सगळं परत स्टेप्ड केलं आणि आधी फक्त कंबरेचा मुख्य कंट्रोल सोडला. तो नीट बसला तेव्हा पाठ, मग मान, मग हात. बोटं शेवटी. प्रत्येक टप्प्याला स्टेप्डचा जुना प्लेब्लास्ट, म्हणजे झटपट काढलेला व्हिडिओ, शेजारी लावून त्याच नऊ फ्रेमना थांबून बघायचं. चुकलं तर निदान कोण चुकलं ते कळतं.

सोमवारी म्हाप्याला स्टुडिओत शॉट दाखवला. सर म्हणाले, "तरंगत नाहीये. पण एकोणपन्नास ते अठ्ठावन्न मेलेत ते." अगदी खरं होतं. दोन तंतोतंत सारख्या पोझमध्ये माणूस थांबत नाही, गोठतो.

संध्याकाळी कोपरखैरण्याहून परतताना गाडीत लोक बघत बसले. कडीला लोंबकळलेला एकही माणूस स्थिर नव्हता. समोरचा झोपला होता, त्याची मान ऐरोलीपर्यंत हळूहळू झुकत गेली आणि एका झटक्यात वर आली. झुकणं लांब, सावरणं दोन-तीन फ्रेमचं. अठ्ठावन्नच्या पोझमध्ये काय करायचं ते तिथे कळलं: सारखी ठेवायची नाही, जराशी पुढे न्यायची. बशी नखभर वर, मान किंचित पुढे, भुवया उंचावलेल्या.

पण किंचित म्हणजे किती? दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांसमोर खुर्ची ओढून बसले. त्यांनी चहा ओतला, फुंकर मारली, बशी ओठांपाशी नेली. मी मनात फ्रेम मोजत होते. बशीची कड थरथरत होती, मिशा पुढे सरकल्या होत्या, ओठ चहाच्या शोधात निघाले होते. आणि तिथेच बाबा थांबले. थांबूनच राहिले. बारा फ्रेम गेल्या, चोवीस गेल्या, शंभर गेल्या.

"बाबा, प्या की."

"तुझं बघून झालं का?" बशी तशीच धरून ते म्हणाले. "चहा निवला माझा."