पेपर रोज दारात येतो, तरी ॲप म्हणतं 'नोंद सापडली नाही'

वर्षाचे पैसे भरलेल्या छापील वर्गणीदाराला ॲपमध्ये ई-पेपर मोफत, अशी जाहिरात असते. प्रत्यक्षात लॉगिन केलं की उत्तर येतं, 'या क्रमांकावर वर्गणी आढळली नाही.' मी काही वर्षं एका दैनिकाच्या वितरण विभागात काम केलंय, म्हणून नातेवाईक असे फोन मला करतात. आणि दर वेळी दोष त्यांच्या मोबाइलवर ढकलला जातो, याचा मला राग येतो.

आपल्याकडे बहुतेक वाचक पेपर कंपनीकडून घेतच नाहीत, पेपरवाल्याकडून घेतात. कंपनीच्या खात्यात असतो तो एजंट, आणि त्याच्या नावापुढे रोजच्या प्रतींचा आकडा. त्यातली एक प्रत तुमच्या कडीला अडकते हे पेपरवाल्याला माहीत असतं, कंपनीला नसतं. त्यामुळे महिन्याच्या महिन्याला बिल देणारा माणूस वीस वर्षांचा ग्राहक असला तरी ॲपला तो सापडणार कुठून? त्याच्या बिलावरचा नंबर पेपरवाल्याच्या वहीतला असतो, तो ॲपमध्ये टाकून काही होत नाही.

कंपनीकडे तुमची स्वतंत्र नोंद होते ती वार्षिक योजनेचा फॉर्म भरलात तरच. त्यात नाव, पत्ता, मोबाइल, आवृत्ती, एजंटचा कोड, योजना कधीपासून कधीपर्यंत आणि पावती किंवा बुकिंग क्रमांक एवढं असतं. ॲपची यादी वेगळी. तिथे तुम्ही म्हणजे ओटीपी आलेला मोबाइल किंवा ईमेल. या दोन याद्यांत जुळण्यासारखं सहसा एकच असतं, मोबाइल नंबर. ईमेल फॉर्मवर कुणी लिहीत नाही. नावावर भरवसा नाही, कारण 'देशपांडे' रोमन लिपीत चार प्रकारे लिहिलं जातं. आणि 'मारुती मंदिरामागे, जोशींच्या वाड्यात' हा पत्ता पेपर टाकणाऱ्या पोराला पुरतो, संगणकाला नाही. अमेरिकेत बरेच पेपर वर्गणीदाराला थेट बिल पाठवतात, म्हणून तिथे खाते क्रमांक आणि झिप कोड विचारून काम भागतं. आपल्याकडे सगळा भार त्या दहा आकड्यांवर.

आता मिरजेच्या आमच्या मोठ्या काकांचं बघा. योजना चालू, पावती हातात, ओटीपीही लगेच आला. म्हणजे लॉगिनमध्ये काही बिघाड नव्हता, अडलं होतं ते पुढे, नोंद शोधताना. ओटीपीच आला नसता तर गोष्ट वेगळी होती. काका ॲपच्या मदत केंद्राला फोन करत राहिले आणि तिथली मुलगी 'अनइन्स्टॉल करून बघा' म्हणत राहिली. तिचाही इलाज नव्हता, छापील वर्गणीची नोंद तिच्या स्क्रीनवर दिसतच नव्हती.

मी काकांना म्हटलं, "ॲप चालत नाही असं सांगूच नका. वितरण विभागाला पावतीचा फोटो पाठवा आणि विचारा, या बुकिंगवर कोणता मोबाइल नोंदवलाय?" शेवटचे चार आकडे कळले आणि काकूंनीच ओळखले. नंबर पेपरवाल्याचा होता! योजनेची मुदत संपत आली की कंपनीचा मेसेज आपल्याला यावा आणि नूतनीकरण आपल्याच हातून व्हावं, म्हणून काही विक्रेते फॉर्मवर स्वतःचा नंबर घालतात. मी त्यांना दोष देत नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. नंबर बदलून घेतला, दुसऱ्या दिवशी काकांनी लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केलं आणि ई-पेपर उघडला. दुसरा दिवस अशासाठी, की छापील यादीतला बदल ॲपकडे बऱ्याचदा रात्री एकदम जातो.

नंबर बरोबर असूनही अडलं, तर आधी मुदत बघा. नूतनीकरणानंतर काही ठिकाणी नवा बुकिंग क्रमांक मिळतो आणि लोक जुनाच टाकत बसतात. 'ही वर्गणी दुसऱ्या खात्याशी जोडलेली आहे' असं आलं, तर घरातल्या कुणीतरी आधीच गुगलने लॉगिन करून ती जोडलेली असते. आयफोनवर ॲपलने लॉगिन करताना 'ईमेल लपवा' निवडलं असेल, तर कंपनीकडे @privaterelay.appleid.com असा पत्ता जातो आणि तो तुमच्या नेहमीच्या ईमेलशी जुळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की नुसत्या मोबाइल नंबरवर या दाराची उघडझाप होऊ नये. बुकिंग क्रमांक आणि पिनकोड दोन्ही जुळले, तर ॲपने नोंदीतल्या नंबरचे शेवटचे चार आकडे दाखवावेत आणि तिथूनच नंबर बदलण्याचा अर्ज घ्यावा. पावतीच्या फोटोवरून वितरण विभागाने तो तपासावा. बुकिंग क्रमांक एकट्याने पुरेसा धरू नये, हे मलाही मान्य आहे. पावत्या एजंटच्या हातून जातात आणि ओळीने येणारे क्रमांक कुणीही ताडू शकतो. पण 'नोंद सापडली नाही' एवढंच सांगून पैसे भरलेल्या माणसाला परत पाठवणं ही सुरक्षा नव्हे. नोंद सापडली नाही, मुदत संपली आणि दुसरीकडे जोडली आहे, हे तीन निरोप तरी वेगळे द्या.

तोवर यंदा योजनेचा फॉर्म भरताना मोबाइलचा रकाना स्वतःच्या हाताने भरा, आणि पावतीवर तोच नंबर आलाय का ते एजंट दारात उभा असतानाच बघून घ्या.