भरलेली रक्कम कायमची कशी घालवावी?

बँकेतून दोन हजार रुपये वजा झाले आणि रमीच्या ॲपमधील वॉलेटमध्ये मात्र शून्यच दिसत राहिले, तर सर्वप्रथम ‘पैसे भरा’ हे बटण पुन्हा दाबावे, म्हणजे पहिल्या रकमेला सोबत मिळेल.

बँकेचे स्टेटमेंट उघडू नये. त्यात त्या व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक असतो आणि त्यावरून रक्कम कोणाच्या खात्यात गेली याचा माग बँकेला काढता येतो. त्यापेक्षा ॲपच्या मदतकक्षाला हिरव्या खुणेचा स्क्रीनशॉट पाठवत राहावे. चोवीस तास थांबण्याचे उत्तर तिथे तयारच असते.

पैसे नेमके कोणाला गेले, हे तर मुळीच वाचू नये. मी ते वाचले आणि माझी झोप उडाली. ॲपचे नाव एक, तर पावतीवर पैसे घेणारा कुठलासा ‘ट्रेडर्स’! खाली शेरा ‘यशस्वी’. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार खात्यातून पैसे गेले, पण व्यापाऱ्याला व्यवहाराची पुष्टीच मिळाली नाही, तर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. म्हणजे तीन तारखेचा व्यवहार आठ तारखेपर्यंत उलटला पाहिजे आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही न मागता, मिळाली पाहिजे. मात्र पैसे त्या ट्रेडर्सच्या खात्यात पोहोचले असतील, तर हा नियम लागू होत नाही. बँकेतली व्यक्ती गोड आवाजात सांगते, ‘सर, आपला व्यवहार यशस्वी झाला आहे.’ कोणासाठी यशस्वी? वॉलेट रिकामे असलेल्या माणसासाठी? आणि त्याच संध्याकाळी टेलिग्रामवरचा ‘अधिकारी’ कळवतो की, अडकलेली रक्कम सोडवण्यासाठी पडताळणी म्हणून तेवढीच रक्कम आणखी भरावी. ती अवश्य भरावी, असे लिहायचे होते. पण आता हात धजत नाही.

भरू नका! पैसे परत देण्यासाठी आधी पैसे मागणारा माणूस लुटारूच असतो. शेरा ‘प्रलंबित’ किंवा ‘अयशस्वी’ असेल, तर यूपीआय ॲपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा समाधान झाले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. शेरा ‘यशस्वी’ आणि घेणारा अनोळखी असेल, तर मदतकक्षाच्या आश्वासनावर एक तासही न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, कारण ते पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच गोठवता आले तर येतात. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली म्हणून घाबरून गप्प बसू नका; त्यातली शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. आपल्या या लाजेवरच तर ते ट्रेडर्स जगतात, आणि आपण स्क्रीनशॉट पाठवत बसतो!