मार्चची की ऑक्टोबरची?

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचा मी सचिव आहे. म्हणजे कार्यक्रमाआधी खुर्च्या मोजायच्या आणि कार्यक्रमानंतर शिव्या खायच्या. 2025च्या वर्धापनदिनाला पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्या सभासदांना शाल-श्रीफळ द्यायचं असं समितीने एकमताने ठरवलं, आणि यादी करायचं काम माझ्या गळ्यात अडकवून समिती चहा प्यायला गेली.

आता माणसाला वय विचारायचं म्हणजे काय ते कळायला एकदा आमच्या आत्याला विचारून बघा. "माझ्या वयाशी तुला काय करायचंय? मला नको तुझी शाल, दोन कपाटात पडून आहेत." पुरुषांचं उलट. शालीचा वास लागला की सत्तरीतला माणूससुद्धा जिना चढताना धापा टाकायला लागतो.

पण एक गंमत माझ्या लक्षात आली. वय विचारलं की लोक सावध होतात, शाळा विचारली की मोकळे होतात. "शाळा कितवीपर्यंत झाली?" म्हटलं की इयत्ता, साल, मास्तरांची छडी, सगळं घडाघडा बाहेर येतं. मग मी एक हिशेब बसवला. पास झाल्याचं साल घ्यायचं, त्यातून इयत्ता वजा करायची आणि वर आणखी सहा. सातवी 1972 साली पास? बहात्तरातून तेरा गेले, एकोणसाठ. जन्म 1959.

सहाच का, तर तेव्हा पोर जूनमध्ये पहिलीत बसायचं ते पाच पूर्ण करून किंवा सहा पूर्ण करून. एप्रिलमध्ये पहिली पास व्हायचं तेव्हा ते सहा ते आठच्या मध्ये कुठेतरी असायचं, म्हणजे मधोमध सात. तिथून पुढे दर यत्तेला एक वर्ष. पण शाळेचं वर्ष तेव्हा जून ते एप्रिल आणि जन्माचं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे सगळं जागच्या जागी असलं तरी उत्तर एका सालावर थांबत नाही. तो 1959वाला 1958चाही असू शकतो आणि 1960चाही. एवढी सैल मी ठेवली होती. एवढ्याने भागेल असं मला वाटलं, यावरून माझा स्वभाव कळावा.

पहिला दगड "पर्यंत" या शब्दावर लागला. "सातवीपर्यंत शिकलो" म्हणजे सातवी पास, सातवी नापास, की सातवीत बसून गणपतीनंतर शाळेत न गेलेला? तिन्ही माणसं एकच वाक्य बोलतात. त्यावर मी तोडगा काढला. "शेवटचा निकाल कसला घेतलात?" असं विचारायचं. निकाल सहावीचा असेल तर सहावी धरायची, सातवी त्यांना मनात लखलाभ.

नापास झालात का, हे तर तोंडावर विचारताच येत नाही. आत्याने सांगितलं, "एसएससी, एकाहत्तर साली." मी बोटांवर हिशेब केला. दहा आणि सहा सोळा, म्हणजे 1955. आत्या इतकी प्रसन्न झाली की तिने मला मणगणें वाढलं, आणि तिथेच मला शंका आली. तेव्हाची एसएससी दहावीची कुठे होती? गोव्याचं स्वतःचं बोर्ड 1975मध्ये आलं. त्याआधी आमची पोरं पुण्याच्या बोर्डाची परीक्षा देत, आणि ती अकरावीची असे. मॅट्रिक म्हणा की एसएससी, वर्षं अकरा. म्हणजे वजा सतरा, 1954.

"एका वर्षाने काय मोठं बिघडतं?" आत्या म्हणाली.

"काही नाही. परीक्षा मार्चची की ऑक्टोबरची?"

मणगणें वाढायचं थांबलं. ऑक्टोबरची परीक्षा बहुतेक करून मार्चमध्ये आपटलेल्यांची. नापास हा शब्द न उच्चारता तेवढंच विचारणारा याहून सभ्य प्रश्न मराठीत नसावा. आत्या खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "गणिताचा पेपर त्या साली फार कठीण होता." कुठल्या साली, ते मी विचारलं नाही. मनातल्या मनात 1953 लिहिलं.

या हिशेबाची खोड अशी, की तो चुकला तरी एकाच बाजूला चुकतो. नापास झाला, वर्ष वाढलं. उशिरा शाळेत घातला, वर्ष वाढलं. मध्ये आजारपणात वर्ष बुडालं, तेही वाढलं. मास्तरांनी खूश होऊन एकदम वरच्या वर्गात बसवलेलं पोर गावात एखादंच निघतं, आणि ते पुढे स्वतःहून सांगतंच. म्हणून हिशेबात जे साल येतं ते "याच्या नंतरचा नाही" असं वाचायचं. माणूस त्याहून थोराड असेल, कोवळा सहसा नाही.

पोर्तुगीज प्राथमिक शाळेच्या सेगुंद ग्राव परीक्षावाल्यांची मात्र चिंता नव्हती. पोर्तुगीज गेले तशी ती परीक्षाही गेली. 1961च्या आत अकराएक वर्षांचा असल्याशिवाय ती कोण देणार? आमच्या गावात असे एकच आजोबा उरलेत. त्यांचं नाव मी विचार न करता यादीत घातलं.

खरा घोळ झाला वासूकाकांपाशी. त्यांचं म्हणणं आपण शहात्तर वर्षांचे. शाळा चौथी पास, 1966 साली, त्यानंतर बागायतीत. चार आणि सहा दहा, सहासष्टातून गेले, 1956. म्हणजे काका एकोणसत्तर! सहा-सात वर्षांचा फरक सैलीत बसत नाही. काका भडकले. "आरे, मुक्तीच्या वेळी पूल उडवले त्याचा आवाज मी रानात गुरं घेऊन असताना ऐकला. पाच वर्षांच्या पोराकडे कोण गुरं देतो?"

मुद्दा बिनतोड होता. तरी मी कागदाचा माणूस. काकांनी शाळेचा दाखला आणला. त्यावर जन्मतारीख, 1 जून 1956. माझ्या हिशेबाने काढलेलं साल तंतोतंत! मी दाखला हवेत फडकवला. तेवढ्यात मागून काकांचे धाकटे भाऊ आले. जन्मभर बोटीवर काढलेला तारवटी माणूस, बोलतात कमी. त्यांनी आपलाही दाखला टेबलावर ठेवला. त्यावर 1 जून 1956. चौथी पास, 1966.

"तुम्ही जुळे?"

"मध्ये एक बहीण आहे," तारवटीकाका म्हणाले.

मग उलगडा झाला. मुक्तीनंतर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आमच्या वाड्यावरची 1962च्या जूनमध्ये सुरू झाली. त्याआधी शाळाच नव्हती, मग पोरं कधी घालणार? पहिल्या दिवशी सहा वर्षांचं, आठ वर्षांचं, दहा वर्षांचं, सगळी पहिलीतच बसली, कारण दुसरी अजून जन्मायची होती. मास्तरांनी उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावला. ज्यांचा पोचला ते सहा वर्षांचे ठरले. दहा वर्षांच्या वासूचा हात कान ओलांडून गालापर्यंत आला असणार, पण मास्तरांकडे "पोचला" एवढाच रकाना. तारीख कुणाला सांगता येईना, तेव्हा शाळा सुरू होण्याची 1 जून आणि साल बासष्टातून सहा वजा. म्हणजे माझा हिशेब मास्तरांनी माझ्याआधी त्रेसष्ट वर्षं केला होता, आणि मी त्याच्याच उत्तराला पुरावा समजून नाचत होतो.

तेव्हा दाखल्यावर 1 जून दिसली आणि वर्गातल्या आणखी चार जणांची तीच निघाली, की तो दाखला वयाचा नव्हे, यत्तेचा समजावा. आणि गोव्यात साठीच्या दशकात शाळेत गेलेल्या माणसाला आधी विचारावं, "वाड्यावरची शाळा कधी निघाली? पहिलीत तुमच्याबरोबर घरातलं आणखी कोण होतं?" पाठची भावंडं एकाच वर्गात असली तर थोरलं बहुतेक उशिरा बसलेलं.

बोटीवरच्या नोकरीसाठी तारवटीकाकांना जन्माचा उतारा काढावा लागला होता, तो खरा. जानेवारी 1956. म्हणजे ते बरोबर सहाचे होऊन शाळेत गेले. मधल्या बहिणीला दोन वर्षं, वासूकाकांना आणखी दोन, असं मागे मोजलं तर 1952च्या आसपास यायला हवं. काका म्हणाले 1949, मी म्हणालो 1952, आणि दोघे स्कूटरवर बसून निबंधकाच्या कचेरीत गेलो. पोर्तुगीज अमदानीतल्या जन्मनोंदीच्या वह्या आमच्याकडे जपून आहेत. गोव्यात त्यांना मान फार, कारण 19 डिसेंबर 1961च्या अलीकडचा जन्म की पलीकडचा, यावर कित्येक नातवंडांचा लिस्बनचा पासपोर्ट अवलंबून असतो.

नोंदीची प्रत मिळाली, पण साल आकड्यांत नाही, अक्षरांत, तेही वळणदार पोर्तुगीजमध्ये. ती घेऊन सेगुंद ग्राववाल्या आजोबांकडे गेलो. त्यांनी भिंग काढलं, घसा खाकरला आणि प्रार्थना म्हटल्यासारखं वाचलं, "मार्सु... मिल नोव्हसेंतुश ई सिंक्वेंता ई दोइश." आणि भिंग खाली ठेवून म्हणाले, "बावन्न."

म्हणजे काका त्र्याहत्तर. हिशेब चार वर्षांनी कमी पडला होता, काका तीन वर्षांनी पुढे गेले होते. शाल 2027मध्ये. काका परत येताना स्कूटरवर एक शब्द बोलले नाहीत, फक्त घराच्या पायऱ्या मात्र पूर्वीपेक्षा ताठ चढले.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी सभासदांची वही नवी करायला शेजारची बारावीतली मुलगी आली होती. तिला मी हा हिशेब अभिमानाने शिकवला. तिने लगेच माझ्यावरच चालवला.

"काका, दहावी कधी?"

"चौऱ्याऐंशी. मार्च," मी घाईघाईने म्हटलं.

"म्हणजे 1968." तिने वहीत लिहायला पेन टेकवलं.

आत्या शेजारच्या खुर्चीवर हारासाठी फुलं निवडत बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं, "सदुसष्ट लिही गो बाय. आठवीत दोन वर्षं होता तो."