संत्रा बर्फीच्या फोटोतला जग आणि थर्मामीटर

“ताई, फोटोत जगातला रस सरळ सरळ 300 वर दिसतोय आणि तुम्ही लिहिलंय 250. थर्मामीटरवर तर 240! एवढ्या तापमानाला पाक जळून कोळसा होईल. मी 100 ला गॅस बंद केला, बर्फी शिऱ्यासारखी राहिली. परवा किलोभर खव्याची करायची आहे. आकडे तपासून टाकत जा.”

आकडे बरोबर आहेत, फोटो मात्र मी चुकीच्या जागेवरून काढला. एवढा खवा, साखर वाया गेली, याचं मला खरंच वाईट वाटतंय.

जगाचा फोटो वरून काढलाय. त्यात रसाच्या दोन कडा दिसतात. मागची कड तिरप्या नजरेमुळे वर, 300 जवळ भासते. आकडे पुढच्या भिंतीवर छापलेत, म्हणून त्याच भिंतीला टेकलेली खालची कड वाचायची. ती 250 वर आहे. घरी जग ओट्यावर ठेवून वाकून, डोळे रसाच्या पातळीत आणून बघा, म्हणजे दोन्ही कडा एक होतात.

थर्मामीटरच्या तबकडीवर आकड्यांची दोन वर्तुळं आहेत. ज्यात 212 आहे ते फॅरेनहाइटचं, त्याच रेषेवर आतल्या वर्तुळात 100 सेल्सिअस येतं. काटा बाहेरच्या 240 वर आहे. 240 मधून 32 वजा केले की 208, त्याला 5 ने गुणून 9 ने भागलं की जवळपास 116 सेल्सिअस. हा गोळीबंद पाक, जळायला तो अजून खूप लांब असतो. तुम्ही 100 सेल्सिअसला थांबलात, तेव्हा पाकाला जेमतेम उकळी फुटली होती. त्यातलं पाणी आटलंच नव्हतं, मग बर्फी बसणार कशी?

आता किलोभर खव्याचं. माझं माप 400 ग्रॅम खव्याचं, म्हणजे सगळं अडीचपट: रस 625 मिली, साखर 200 ऐवजी 500 ग्रॅम. रस 300 धरला असता तर 750 झाला असता, म्हणजे सव्वाशे मिली जास्तीचा आटवत बसावं लागलं असतं आणि आंबटपणाही वाढला असता. तापमानाला मात्र अडीचने गुणायचं नाही. पाक कितीही असो, 116 लाच थांबायचं. वेळ वाढेल, म्हणून पसरट कढई घ्या.

त्याआधी थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरून बघा, टोक तळाला टेकू देऊ नका. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंच, त्यामुळे इथं पाणी 99 च्या आसपास उकळतं. तुमचा काटा 97 दाखवत असेल तर पाक 114 ला उतरवा. तरी शंका वाटली तर वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब सोडा. बोटांत मऊ गोळी वळली की लगेच खवा घाला.

जगाचा फोटो आज समोरून काढून बदलते.