‘फॉर्म भरला म्हणजे संमती आलीच’ म्हणणाऱ्यांना

“दुकानदार बंधूंनो, दिवाळीआधी काउंटरवर अभिप्राय फॉर्म ठेवा आणि लकी ड्रॉ लावा. वर ‘आपली माहिती गोपनीय राहील’ एवढंच छापा. माहिती कशाला वापरणार ते लिहू नका, वाचलं की लोक फॉर्म भरत नाहीत. फॉर्म भरला म्हणजे संमती आलीच, मग नंबर कशालाही वापरा. नवा डेटा कायदा अजून लागू नाही, आणि कागदाला तर तो लागतच नाही. सगळ्या ग्रुपवर पाठवा.”

हा मेसेज फिरत फिरत माझ्या वहिनीकडे आला. सीताबर्डीवर तिचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. तिनं मजकूर छापखान्यात धाडूनही दिला आणि मग मला फोन केला, “भाऊजी, एवढी एक ओळ पुरते ना?” नाही पुरत. मी दुकानांत बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून देतो, त्यामुळे हे नंबर पुढे कुठे कुठे जातात ते रोज पाहतो. म्हणून हा मेसेज लिहिणाऱ्यावर जरा जास्तच चिडून लिहितोय.

आधी संमतीचं बघू, कारण खरं नुकसान तिथेच आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा काढा आणि कलम ७ वाचा. दुकानदाराच्या बाजूनं बोलायला याच्याइतकं सोयीचं कलम त्यात दुसरं नाही. ग्राहकानं आपणहून एखाद्या ठरावीक कामासाठी माहिती दिली आणि नकार कळवला नाही, तर त्या कामासाठी ती वापरता येते, असं ते म्हणतं. मेसेजवाल्यानं एवढंच ऐकलेलं असणार. पण कलमाखाली एक उदाहरण दिलंय, तेही वाचा. एक बाई औषधाच्या दुकानातून खरेदी करते, आपणहून आपली माहिती देते आणि पैसे मिळाल्याची पोच मोबाइलवर पाठवा म्हणते. दुकानदार ती माहिती पोच पाठवायला वापरू शकतो. उदाहरण इथेच संपतं. उद्या त्याच नंबरवर टॉनिकची जाहिरात पाठवायची मुभा त्यात कुठेच नाही. आता औषधाच्या जागी बाळाचा झबला ठेवा आणि पावतीच्या जागी सोडत. ग्राहकानं नंबर दिला तो नाव निघालं तर कळावं म्हणून. तेवढ्यापुरता तो तुमचा.

कलम ६ आणखी कडक आहे. संमती मोकळेपणी दिलेली, ठरावीक कामापुरती आणि विनाअट हवी, शिवाय त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती हवी. ‘बक्षीस हवं तर जाहिराती घ्याव्या लागतील’ हे विनाअट कसं झालं? दिलेली संमती मागे घेणंही ती देण्याइतकंच सोपं पाहिजे, असं तिथेच लिहिलंय. संमती मागणारा मजकूर मराठीत वाचायची सोयही द्यावी लागेल. इंग्रजीत बारीक अक्षरात छापून सुटका नाही.

‘कशालाही वापरा’ म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते माझ्या मामेबहिणीला विचारा. गेल्या साली तिनं एका दुकानात अशीच चिठ्ठी भरली. बक्षीस लागलं नाही, पण दुकानाच्या ‘खास ग्राहक’ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये ती जाऊन पडली. दुकानदारानं ब्रॉडकास्ट न करता ग्रुप काहून केला? कारण ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि सोडतीची चिठ्ठी टाकून गेलेला माणूस दुकानाचा नंबर कशाला सेव्ह करेल? ग्रुपमध्ये मात्र सगळ्यांना पोचतो, आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. दोन दिवसांत तिला अनोळखी माणसांचे ‘हाय’ यायला लागले. ती ग्रुपमधून बाहेर पडली, पण नंबर तोवर ज्यांना दिसायचा त्यांना दिसून गेला होता. दुकानदाराचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याच्या फॉर्मवरही ‘गोपनीय राहील’ छापलेलंच होतं.

आणि हीच ओळ दुकानदाराच्या गळ्यात येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २ (४७). ग्राहकानं विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याला धरून नसताना दुसऱ्याला उघड करणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. माहिती विश्वासानं दिली होती की नाही यावर एरवी वाद घालता आला असता. तुम्ही स्वतःच ‘गोपनीय’ छापून दिलंत, तर वादाला जागाच उरली नाही. हा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, त्यामुळे ‘अजून सुरू व्हायचाय’ हे इथे चालत नाही.

बरं, ती ओळ पाळता तरी येते का? वहिनीच्या फॉर्मवर सगळ्यात वर बिल नंबर होता. एकानं दोनदा भरू नये म्हणून, असं छापखान्यावाल्यानं सुचवलं होतं. आता बिलिंगमध्ये बिल नंबर टाकला की नाव, मोबाइल, काय घेतलं, किती वाजता घेतलं, सगळं समोर येतं. फॉर्मवर नाव नसलं म्हणून काय झालं? ‘काउंटरवरची मुलगी नीट बोलत नाही’ असं कोणी लिहिलं, तर ते कोणी लिहिलं हे त्या मुलीला मिनिटाभरात काढता येईल. गूगल फॉर्म केला तरी तेच. ईमेल घेणं बंद ठेवलं तरी प्रत्येक उत्तरापुढे तारीख आणि वेळ नोंदली जाते. दिवसाला दहा-बारा फॉर्म येणाऱ्या दुकानात बिलाच्या वेळेशी ती जुळवणं काही अवघड नाही. म्हणून जे पाळता येत नाही ते छापू नका, जे खरंच करणार तेवढंच छापा.

त्यावर साधा उपाय आहे, तो आम्ही केला. फॉर्म एकच, पण मधून फाडायची रेघ. वरच्या भागात प्रश्न: कोणत्या वयाचे साइज मिळाले नाहीत, ट्रायल रूमला किती थांबावं लागलं, दुकान किती वाजेपर्यंत उघडं हवं. त्या भागावर नाव नाही, नंबर नाही, बिल नंबर तर नाहीच. खालची चिठ्ठी सोडतीची, तिच्यावर नाव आणि मोबाइल. ग्राहकानं स्वतः फाडून दोन वेगळ्या डब्यांत टाकायची. ऑनलाइन करायचं तर दोन फॉर्म करा: पहिल्याच्या शेवटच्या ‘धन्यवाद’ संदेशात दुसऱ्याची लिंक द्या. वेळेचा घोळ त्यात राहतोच, म्हणून तिथे ‘उत्तरं निनावी आहेत’ असं लिहू नका, ‘उत्तरं आणि नाव आम्ही जुळवत नाही’ असं लिहा.

लोक वाचून पळतात, या म्हणण्यात अर्धं खरं आहे. आडवं पान भरून नियम-अटी छापल्या तर काउंटरवर कोणी वाचत नाही, आणि मागे रांग असेल तर पेनही उचलत नाही. पण म्हणून काहीच न सांगणं हा उपाय कसा? न सांगितल्याचा दुसरा तोटा मेसेजवाल्याच्या ध्यानातच आलेला नाही. नाव आणि उत्तर एकाच कागदावर असलं की लोकांना वाटतं, गोड लिहिलं तर बक्षीस लागेल. मग सगळे ‘उत्तम सेवा’ लिहून मोकळे. अशा गठ्ठ्यातून कोणता साइज कमी पडतो हे दुकानदाराला कसं कळणार? वहिनीच्या फॉर्मवर आता हे छापलंय:

“वरची उत्तरं आम्ही साइज, माल आणि दुकानाची वेळ ठरवायला वापरू. त्या भागावर नाव किंवा नंबर लिहू नका. चांगलं लिहिलं की वाईट, याचा सोडतीशी संबंध नाही. खालच्या चिठ्ठीवरचा नंबर फक्त नाव निघालं तर फोन करायला. सोडत कोजागिरीला संध्याकाळी ७ वाजता दुकानातच; दुसऱ्या दिवशी बाकीच्या चिठ्ठ्या फाडून टाकू. चिठ्ठीसाठी खरेदीची अट नाही. नव्या मालाचे मेसेज हवे असतील तरच चौकटीत खूण करा. नको झाले की ‘बंद’ एवढं लिहून पाठवा.”

चौकट रिकामीच छापायची. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे तुमची इच्छा, ग्राहकाची नव्हे. आणि खूण केलेल्या चिठ्ठ्या फाडण्याआधी त्यांचे नंबर वेगळे उतरवून घ्या, नाहीतर सगळा गठ्ठाच ‘हो म्हणालेल्यांचा’ होऊन बसतो.

उरलं कायदा लागू नसल्याचं. हो, हे खरं आहे, मान्य. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मी वर सांगितलेल्या कलमांना अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. पण त्याआधी गोळा केलेल्या नंबरांचं काय? कलम ५ म्हणतं, कायदा लागू होण्याआधी संमती दिलेल्यांनाही शक्य तितक्या लवकर नोटीस द्यावी लागेल: कोणती माहिती, कशासाठी, हक्क कसे वापरायचे, तक्रार कुठे करायची. आज ढीग जमवाल तर तेव्हा प्रत्येकाला कळवत बसाल. कागदाचंही तसंच. नुसता कागद डब्यात राहिला तर हा कायदा लागत नाही, बरोबर. पण तेच नंबर मोबाइलमध्ये किंवा एक्सेलमध्ये उतरवले की लागतो. आणि ‘नंबर कशालाही वापरा’ म्हणणारा ते न उतरवता कसे वापरणार आहे, राजेहो?

सोडतीबद्दल मेसेज गप्प आहे, पण वहिनीनं विचारलं म्हणून सांगतो. त्याच कलम २ (४७) मध्ये विक्री वाढवण्यासाठी काढलेली लॉटरी किंवा नशिबाचा खेळ हीसुद्धा अनुचित प्रथा धरली आहे. म्हणून ‘हजाराच्या खरेदीवर एक कूपन’ हा प्रकार आम्ही काढून टाकला. तेवढ्यानं पुरतं का, हे तिनं वकिलाला विचारायचं ठरवलंय. योजना संपल्यावर निकाल दडवून ठेवणंही तिथेच बसवलंय. तेव्हा निकालाचा कागद दुकानाच्या दारावर लागेल. पूर्ण नाव-नंबर लिहून तिथेच विश्वासघात नको, म्हणून पहिलं नाव आणि मोबाइलचे शेवटचे तीन आकडे लिहायचे. ‘दारावर हे एवढं लावू’ ही ओळ मूळ मजकुरात राहून गेली होती. छापखान्याला फोन करून ती घालून घेतली.