मिनिट्समध्ये ‘सर्वांनी लक्ष द्यावे’ लिहिणं बंद करा!

‘सर्वांनी लक्ष द्यावे.’ मीटिंगच्या मिनिट्समधलं हे वाक्य वाचलं की डोकं फिरतं. सर्वांनी म्हणजे नक्की कोणी? कधीपर्यंत? आठ माणसं तासभर बसवली म्हणजे एका माणसाचा अख्खा दिवस खर्ची पडला, आणि हातात काय, तर ही ओळ!

घोळ अजेंड्यापासूनच सुरू होतो. मीटिंगच्या दहा मिनिटं आधी मेल येतो, त्यात मुद्दा काय, तर ‘डिस्पॅच’. अरे, डिस्पॅचचं काय? एकाला गाडीभाड्यावर बोलायचं असतं, दुसऱ्याला पॅकिंगवर, तिसरा परत आलेल्या मालावरून उणीदुणी काढतो. ३५ मिनिटं गेली! तोच मुद्दा प्रश्न म्हणून लिहा: ‘शनिवारचा डिस्पॅच बंद करायचा का? निर्णय हवा, १५ मिनिटं.’ आदल्या दिवशी पाठवा, शनिवारच्या ऑर्डरींचा तक्ता सोबत जोडा. तासाभरात असे तीनच मुद्दे बसतात. नुसती माहिती द्यायची असेल तर ती मेलवर द्या, त्यासाठी माणसं कशाला गोळा करता?

आणि मीटिंग चालवणाऱ्याच्याच गळ्यात घड्याळ अडकवू नका. दोघांचा वाद मिटवणाऱ्याला वेळेचं भान राहत नाही. दुसरा माणूस नेमा. पाच मिनिटं उरली की त्याने मोठ्याने सांगायचं, साहेब बोलत असले तरी सांगायचं. वेळ संपूनही निर्णय होत नसेल तर सगळ्यांना विचारून पाच मिनिटं वाढवा, पण ती कुठल्या मुद्द्यातून कापणार तेही तिथेच सांगा. नाहीतर कोणता आकडा कमी पडला आणि तो कोण आणणार एवढं लिहून पुढे चला. उशिरा आलेल्यासाठी पहिल्यापासून पाढा वाचणं तर बंदच करा. वेळेवर आलेल्या सात जणांना ही शिक्षा कशासाठी?

सगळ्यात संताप येतो तो कामांच्या यादीचा. ‘ट्रान्सपोर्टरशी बोलणे’ हे काम झालं का? फोन केला तरी झालं, नुसता मेसेज टाकला तरी झालं! असं लिहा: ‘रोहिणीने दोन ट्रान्सपोर्टरकडून शुक्रवार संध्याकाळच्या फेरीचे लेखी दर घेऊन गुरुवारी ४ वाजेपर्यंत ग्रुपवर टाकायचे.’ नाव एकच. ‘रोहिणी आणि संदीप’ लिहिलं की तिला वाटतं तो करतोय, त्याला वाटतं ती करतेय. जो मीटिंगला आलाच नाही त्याच्या नावावर काम ढकलून मोकळे होऊ नका, आधी त्याचा होकार घ्या. आणि हे सगळं तिथेच, सगळ्यांना दिसेल असं स्क्रीनवर टाइप करा, शेवटच्या दहा मिनिटांत वाचून दाखवा. तीन दिवसांनी आठवून आठवून लिहिलेली मिनिट्स येतात तोवर गुरुवार उलटून गेलेला असतो.

पुढच्या मीटिंगची पहिली पाच मिनिटं याच यादीला द्या. झालं की नाही, एवढंच विचारा. एखादी ओळ तिसऱ्यांदा पुढे सरकत असेल तर माणूस बदला नाहीतर काम रद्द करा, पण ते यादीत कुजवू नका!