अ पासून ब पर्यंत, मधे डोंगर

समोच्च रेषांचा नकाशा पहिल्यांदा हातात येतो तेव्हा तो नकाशा वाटतच नाही. कुणीतरी तपकिरी शाईत अंगठा बुडवून इस्टेट लिहून दिली असावी, असं वाटतं. त्यावर अ आणि ब असे दोन बिंदू असतात, त्यांना जोडणारी एक सरळ रेषा असते आणि खाली प्रश्न असतो: ‘अ-ब रेषेवर छेद काढा.’ म्हणजे आडव्या पडलेल्या डोंगराला उठवून उभं करा.

या रेषांमागचा हेतू तसा चांगला होता. १७७४ साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराच्या आधारे पृथ्वीची घनता काढायचा प्रयोग झाला. डोंगराचं आकारमान मोजताना चार्ल्स हटन या गणितज्ञासमोर उंचीच्या आकड्यांचा ढीग पडला, म्हणून त्याने सारख्या उंचीचे बिंदू रेषेने जोडले आणि ढिगातून डोंगर दिसू लागला. प्रात्यक्षिकाच्या तासाला हेच सगळं उलट्या क्रमाने होतं. डोंगर दिसत नाही, ढीग दिसतो.

आपण एक नकाशा धरून चालू. प्रमाण १:५०,०००, लागोपाठच्या दोन रेषांमधला उंचीचा फरक १०० मीटर, अ-ब रेषा १२ सेंटिमीटर. अंकप्रमाणाला एकक नसतं, हे पहिलं पथ्य. ‘१ सेमी : ५०,०००’ असं लिहिलं की ५०,००० काय, हे परीक्षक विचारणार आणि उत्तर ‘आंबे’ असलं तरी चालेल अशी परिस्थिती होणार. नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०,००० सेंटिमीटर, म्हणजे ५०० मीटर. तेव्हा अ ते ब अंतर ६ किलोमीटर.

पण आधी हातातला कागद मूळ नकाशाच आहे ना, ते बघावं. तो मूळच्या ७१ टक्क्यांवर आणलेली झेरॉक्स असेल तर अ-ब रेषा साडेआठ सेंटिमीटर भरते. डोक्यावर मात्र तेच १:५०,००० छापलेलं. विश्वास ठेवलात तर उत्तर सव्वाचार किलोमीटर येतं आणि पावणेदोन किलोमीटर जमीन मशीनच्या पोटात जाते. नकाशाखालची रेषाप्रमाणाची पट्टी तेवढी प्रामाणिक, कारण नकाशाबरोबर तीही आखडते. माझ्या मते भूगोलातली सगळ्यात दुर्लक्षित सज्जन व्यक्ती ती पट्टीच.

आता कागदाची सरळ कडेची पट्टी घ्यायची, अ-ब रेषेला लावायची, दोन्ही टोकांना अ आणि ब लिहायचं आणि समोच्च रेषा जिथे जिथे कड ओलांडते तिथे बारीक खूण करायची. खुणेजवळ उंची त्याच क्षणी लिहायची. ‘सगळ्या खुणा करून घेतो, आकडे मग’ म्हणणाऱ्याच्या हातात शेवटी बारा खुणा उरतात आणि त्यातली कुठली कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पट्टी बोटाखाली मिलिमीटरभर सरकली की जमिनीवर ५० मीटर सरकले. म्हणून मधूनमधून अ खरंच अ वर आहे ना, ते बघत राहायचं.

आपल्या पट्टीवर अ कडून असे आकडे आले: ३००, ४००, ५००, ६००, ६००, ५००, ४००, ४००, ५००, ५००, ४००, ३००. हे एकदा मोठ्याने वाचायचं. शेजारच्या दोन आकड्यांत फरक १०० चा असतो, नाहीतर शून्य. २०० चा फरक ऐकू आला तर बहुधा एक रेषा निसटली आहे. उभ्या कड्यावर रेषा एकमेकींवर चढल्या असतील तरच तो माफ.

खरी गंमत शून्याच्या जागी आहे. ६०० नंतर पुन्हा ६०० आलं, तर मधे काय आहे? सरळ रेघ मारून तिथे पठार करणारे लोक दरवर्षी डोंगरांचे शेंडे उडवतात. चढत चढत ६०० ओलांडलं असेल तर पुढेही जमीन चढतेच, फक्त ७०० ला पोचत नाही. नकाशात तिथे ६५५ असा उंचीचा बिंदू दिला आहे, म्हणजे माथा तेवढाच न्यायचा. उलट, उतरत उतरत ४०० आणि पुन्हा ४००, तर मधे दरी आहे आणि तळ ३०० च्या वर आहे. तिथे ओढ्याची निळी रेघ पट्टीला कुठे छेदते त्याचीही खूण केलेली असावी, कारण सगळ्यात खालचा बिंदू तिथेच यायला हवा. ओढा टेकडीच्या उतारावरून आडवा वाहताना दाखवलेली छेदचित्रं अनेक आहेत. पाण्याला ती मान्य नाहीत.

मग आलेख कागद. अ बिंदू ३०० च्या खाली आहे, म्हणून पायारेषा २०० ची. उभं प्रमाण १ सेंटिमीटरला १०० मीटर घेऊ. पट्टी पायारेषेला लावायची, प्रत्येक खुणेवरून सरळ वर जाऊन आपापल्या उंचीवर टिंब द्यायचं आणि टिंबं हाताने, सलग वळणाने जोडायची. पट्टीने जोडलं की डोंगराऐवजी शेअर बाजार तयार होतो.

उभं प्रमाण वेगळं का, हे तोंडीला हमखास विचारतात. आडव्याइतकंच घेतलं असतं तर पायारेषेपासून ६५५ मीटरचा माथा जेमतेम ९ मिलिमीटर भरला असता. डोंगर न पोखरताच उंदीर. म्हणून उंची ताणायची, आणि किती ताणली ते खाली लिहायचं: ५०,००० भागिले १०,०००, म्हणजे ५ पट. इथे १०० मीटरचे सेंटिमीटर करायला विसरून ५०,००० ला थेट १०० ने भागणारे ५०० पट असं लिहून मोकळे होतात. तसं खरंच काढायचं तर साडेचार मीटर उंच कागद आणि शिडी लागेल.

या ताणण्याने उताराचं मात्र सोंग होतं. आपल्या पट्टीवर ४०० आणि ६०० च्या खुणांमधे डाव्या बाजूला नेमका १ सेंटिमीटर आहे. जमिनीवर ५०० मीटरमधे २०० मीटर चढ, म्हणजे साधारण २२ अंश. चढताना दम लागेल, एवढंच. छेदावर तोच चढ ६३ अंशांचा दिसतो आणि दोरी लागेलसं वाटतं. पण म्हणून कोनाला पाचाने गुणायचं नाही. २२ पंचे ११०, आणि ११० अंशांचा डोंगर मागे कलंडतो. पाच पट होतो तो चढाचा दर, कोन नव्हे.

शेवटचा प्रश्न ठरलेला: ‘६५५ च्या माथ्यावरून ब दिसेल का?’ नकाशाकडे बघून ‘हो’ म्हणावंसं वाटतं, कारण माथा उंच आणि ब खाली. छेदावर माथ्यापासून ब पर्यंत पट्टी ठेवली की ती ५००-५०० वाल्या टेकडीच्या पोटातून आरपार जाते. ब दिसत नाही. उंची ताणली म्हणून हे उत्तर चुकेल का, ही शंका मनात ठेवायचं कारण नाही. ताणताना सगळंच सारखं ताणलं जातं आणि सरळ रेघ सरळच राहते, त्यामुळे टेकडी पाच पटीतही आड येते आणि एका पटीतही. फक्त टेकडीचा शेंडा उडवून पठार केलेलं असेल तर तेही नीट काढावं, कारण एखाद्या नकाशात बरोबर तेवढ्याच शेंड्यामागे ब लपलेलं असतं.